व्याजात दडलेली सेवा: बँक आणि विम्यावर जीएसटी नीट का बसत नाही? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

टिळक रस्त्यावर आमचं कर-सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. लोक रिटर्न भरायला येतात, सह्या होतात, आणि उठता उठता दारात उभं राहून एखादा प्रश्न टाकतात. २२ सप्टेंबर २०२५ला वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला, तेव्हापासून या दारातल्या प्रश्नांचा सूर एकच आहे: बँक आणि विमा यांच्याबाबत कराचे नियम इतके तिरपागडे का? त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणांतले आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी घेतलेले आहेत. नियम मात्र खरे आहेत.

लॉकरच्या भाड्यावर बँक १८ टक्के जीएसटी लावते. मग कर्जाच्या व्याजावर का नाही?

कारण लॉकरच्या भाड्याला किंमत आहे आणि ती पावतीवर लिहिलेली आहे. जीएसटी हा जातकुळीने मूल्यवर्धित करच आहे, म्हणजे आपला जुना व्हॅट ज्या तत्त्वावर चालायचा तेच तत्त्व. विकणाऱ्याने बिलावर किंमत लिहायची, त्यावर कर लावायचा, घेणारा धंदेवाला असेल तर त्याने तो कर आपल्या देण्यातून वजा करायचा. सगळी यंत्रणा त्या एका बिलावर उभी आहे.

कर्ज देताना बँक सेवा देतेच. तुमची कागदपत्रं तपासते, जोखीम जोखते, हप्ते वसूल करते. पण या सेवेचं वेगळं बिल ती देत नाही. तिचा मोबदला व्याजदरात मुरलेला असतो, आणि व्याज म्हणजे काही त्या सेवेची किंमत नव्हे. म्हणून १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हाच, १२/२०१७ क्रमांकाच्या अधिसूचनेत, ठेवी आणि कर्जांवरचं व्याज करमुक्त ठेवलं गेलं. क्रेडिट कार्डावरचं व्याज तेवढं या सवलतीतून वगळलं आहे, त्यावर कर लागतो.

ही सवलत कर्जदारावरच्या मायेपोटी दिली असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. किंमत सापडेना म्हणून सोडून दिलं, एवढंच.

ठेवीच्या व्याजातून बँक टीडीएस कापते. तो हाच कर ना?

नाही. तो तुमच्या उत्पन्नावरचा आयकर आहे, बँकेने आगाऊ कापलेला. इथे बोलतोय ते बँकेच्या सेवेवरच्या कराबद्दल.

व्याज ही बँकेची किंमत नाही, म्हणजे काय? मी तर वर्षाला लाखभर रुपये भरतो!

हा प्रश्न भोसरीत वर्कशॉप चालवणाऱ्या एका गृहस्थांचा. त्यांचंच उदाहरण घेऊ.

सदाशिव पेठेतल्या एका काकूंनी बँकेत १० लाखांची ठेव ठेवली, ६ टक्क्यांनी. तेच १० लाख बँकेने भोसरीच्या वर्कशॉपला १० टक्क्यांनी कर्जाऊ दिले. वर्षाअखेर वर्कशॉपने १ लाख व्याज दिलं, काकूंना ६० हजार मिळाले, मधले ४० हजार बँकेकडे राहिले.

आता वर्कशॉपने दिलेल्या लाखाची फोड करू. समजा, ज्यात कुणाची सेवा नाही आणि पैसे बुडायची भीती नाही असा निव्वळ व्याजदर त्या वर्षी ७.५ टक्के आहे. सरकारी ट्रेझरी बिलासारखा काहीतरी. म्हणजे लाखातले ७५ हजार हा फक्त वेळेचा मोबदला. पैसे आज वापरले, वर्षाने परत केले, त्याचं भाडं. त्यावर व्हॅट लावायचं कारण नाही, कारण व्हॅट हा उपभोगावरचा कर आहे. ज्याच्या हाती ते पैसे जातील तो खर्च करेल तेव्हा त्या खर्चावर कर लागेलच.

उरले २५ हजार. त्यातले समजा १० हजार बँक बुडीत कर्जांची भोकं बुजवायला वापरते. शंभर कर्जदारांत एखादा पैसे बुडवतो, त्याचा भार बाकीचे नव्व्याण्णव उचलतात. ही सेवेची किंमत नाही, ती सर्वांनी मिळून काढलेली वर्गणी झाली. वर्कशॉपला मिळालेल्या सेवेची खरी किंमत राहिली १५ हजार.

आणि काकू? त्यांना वाटतं बँक त्यांच्याकडून काहीच घेत नाही, उलट देते. पण निव्वळ दर ७.५ असताना त्यांना ६ मिळाले. तो दीड टक्का, म्हणजे १५ हजार रुपये, हे त्यांनी सांभाळणुकीचे, पासबुकाचे, शाखेतल्या माणसांचे आणि हवं तेव्हा पैसे मिळण्याच्या सोयीचे मोजले. बिल नाही, पावती नाही. न मिळालेल्या व्याजातून किंमत वळती झाली.

हेच या विषयाचं मर्म आहे. बँक एकाच फरकातून दोन गिऱ्हाइकांना दोन सेवा विकते आणि दोघांपैकी कुणालाही भाव सांगत नाही.

मग मधल्या ३० हजारांवर १८ टक्के लावा आणि मोकळे व्हा. अडचण काय?

५,४०० रुपये कर. हिशेब सोपा दिसतो, आणि बँकेच्या वार्षिक ताळेबंदावरून एकूण फरक काढताही येतो. अडचण एकूण आकड्यात नाही, वाटणीत आहे.

वर्कशॉप जीएसटीत नोंदलेलं आहे. त्याच्या वाट्याच्या १५ हजारांवर जो २,७०० रुपये कर लागेल तो ते आपल्या देण्यातून वजा करून घेईल. सरकारच्या हातात त्यातलं काही उरणार नाही, आणि उरूही नये, कारण धंद्याच्या खरेदीवर कर राहू द्यायचा नाही हाच व्हॅटचा नियम. काकू मात्र शेवटच्या ग्राहक आहेत. त्यांच्या वाट्याचे २,७०० तेवढे सरकारला खरे मिळतील.

आता निव्वळ दर ७.५ऐवजी ७ टक्के धरा. काकूंच्या सेवेची किंमत झाली १० हजार, वर्कशॉपची २० हजार. बेरीज तीच, ३० हजार. बँकेने भरायचा करही तोच, ५,४००. पण वर्कशॉप आता ३,६०० वजा करणार आणि सरकारकडे उरणार १,८००. निव्वळ दर कुठला धरला, एवढ्या एका गृहीतकावर सरकारच्या महसुलाचा तिसरा हिस्सा गेला. बँकेच्या खिशाला दोन्हीकडे फरक शून्य, त्यामुळे मोठ्या कर्जदाराला खूश करायला ती कुठला दर धरेल हे सांगायला नको.

बरं, हा दर ठरवायचा कोणी? रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना एका रात्रीपुरते पैसे देते तो दर, घ्या म्हटलं, तर तो मे २०२०मध्ये ४ टक्क्यांवर आला होता आणि फेब्रुवारी २०२३मध्ये ६.५वर गेला. २०२०मध्ये कुणाला पाच वर्षांच्या ठेवीवर समजा साडेपाच टक्के मिळत असतील, तर ४च्या हिशेबाने त्या ठेवीदाराने बँकेला सेवेचे पैसे दिलेच नाहीत, उलट बँकेनेच सेवा देऊन वर त्याला दीड टक्का मोजला! उणे किमतीचं बिल. पाच वर्षांच्या ठेवीला एका रात्रीचा दर लावल्यावर दुसरं काय होणार? मग प्रत्येक मुदतीला वेगळा दर हवा, ठेव उघडली त्या दिवसाचा हवा, आणि कर्जाचा व्याजदर बदलता असेल तर दर बदलताना पुन्हा हिशेब. देशाचं राष्ट्रीय उत्पन्न मोजणारे सांख्यिकी तज्ज्ञ बँकांच्या या छुप्या सेवेचा अंदाज अशाच संदर्भ दरावरून काढतात. देशाच्या एकूण आकड्यात थोडं इकडेतिकडे झालं तर चालून जातं. भोसरीच्या बिलावर चालत नाही.

व्याजाला सूट आहे म्हणजे माझ्या कर्जावर कराचा बोजा नाही, बरोबर?

बरोबर नाही, आणि धंदेवाल्यांनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी.

बँक स्वतः खरेदी करते तेव्हा कर भरते. शाखेचं भाडं, सॉफ्टवेअर, एटीएमची देखभाल, सुरक्षा एजन्सी, या सगळ्यांवर. साध्या दुकानदाराला हा कर पूर्ण वजा करता येतो. बँकेची विक्री मात्र अर्धी करमुक्त (व्याज) आणि अर्धी करपात्र (फी). कुठलं भाडं कुठल्या विक्रीसाठी, हे कसं ठरवणार? एकाच खिडकीत ठेवही घेतात आणि डिमांड ड्राफ्टही काढतात. म्हणून केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(४)ने बँका आणि वित्त कंपन्यांना एक सरधोपट पर्याय दिला: दरमहा पात्र क्रेडिटपैकी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या आणि वजा करता येणाऱ्या करापैकी, ५० टक्के घ्या, उरलेलं बुडालं म्हणून सोडा. एकदा निवडला की त्या आर्थिक वर्षात हा पर्याय बदलता येत नाही.

आपल्या उदाहरणात समजा या १० लाखांच्या व्यवहारामागे बँकेची १० हजारांची करपात्र खरेदी आहे. त्यावर कर १,८००. निम्मा, म्हणजे ९००, बुडाला. बँक काही तो पदरचा सोसत नाही, दरात मुरवते. समजा त्यातला निम्मा भार, ४५० रुपये, वर्कशॉपच्या व्याजावर येतो. तो कुठल्या बिलावर लिहिलेला नाही, त्यामुळे वर्कशॉपला वजा करता येत नाही. तो त्यांच्या मालाच्या किमतीत शिरतो, आणि मालावर पुन्हा १८ टक्के लागतात, म्हणजे करावर आणखी ८१ रुपये कर. व्हॅट आणला होता तो नेमकं हेच थांबवण्यासाठी.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहा. आदर्श व्यवस्थेत काकूंनी २,७०० भरायला हवे होते आणि वर्कशॉपवर शून्य भार हवा होता. आजच्या व्यवस्थेत काकूंवर साडेचारशेच्या आसपास भार आहे आणि जिथे शून्य हवा त्या वर्कशॉपवरही तेवढाच. सूट दिल्याने घरगुती ग्राहक स्वस्तात सुटतो आणि धंदेवाला विनाकारण भरडला जातो. माझ्या मते या सवलतीतला खरा दोष हा दुसरा आहे, आणि त्याबद्दल कुणी ओरडत नाही, कारण रक्कम दिसतच नाही.

मग बँकेला सूट परवडते का?

तिला ती फारशी आवडत नसावी. शिवाय सवयी बिघडतात. बाहेरच्या एजन्सीकडून काम घेतलं तर बिलावर १८ टक्के लागतात आणि निम्मे बुडतात, तेच काम पगारी माणसांकडून करून घेतलं तर पगारावर जीएसटी नाही. मग कामात कुशल कोण हे न बघता, कर कुठे वाचतो ते बघून निर्णय होतात.

‘झिरो प्रोसेसिंग फी’ हा खरंच फायदा आहे की नुसती जाहिरात?

कोथरूडचं एक जोडपं गृहकर्जाची दोन पत्रकं घेऊन आलं होतं. कर्ज ४० लाखांचं. एका बँकेत अर्धा टक्का फी: २० हजार आणि त्यावर ३,६०० जीएसटी. दुसरीकडे फी शून्य, पण व्याजदर ०.१० टक्क्याने जास्त. पहिल्या वर्षी हे जास्तीचं व्याज साधारण ४ हजार, पुढे मुद्दल उतरेल तसं कमी होत जाणारं.

बँकेचं काम दोन्हीकडे तेच आहे. पहिलीकडे तिने भाव फीमध्ये सांगितला म्हणून कर लागला, दुसरीकडे तोच भाव व्याजात सरकवला आणि कर गायब झाला. घरगुती कर्जदाराचे ३,६०० वाचतात हे खरं. पण कर्ज वीस वर्षं चाललं तर जास्तीचं व्याज फीपेक्षा बरंच अधिक होतं. पाचेक वर्षांत घर विकायचं किंवा कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल, तर झिरो फी फायद्याची ठरू शकते. त्या दोघांनी शेवटी फीवालीच निवडली.

भोसरीच्या वर्कशॉपसाठी गणित उलटं. त्याला फीवरचा जीएसटी परत मिळतो, व्याजात मुरलेला मिळत नाही. म्हणून धंद्याच्या कर्जात ‘फी वेगळी दाखवा, दर कमी करा’ असं मागणं शहाणपणाचं, फक्त फीच्या बिलावर आपला जीएसटी क्रमांक आहे ना ते बघून घ्यावं. बँकेकडे नोंद नसल्याने तो घातला जात नाही आणि क्रेडिट हातचं जातं, हे मी दरवर्षी बघतो.

‘किमान शिल्लक ठेवा, चेकबुक फुकट’ हाही त्याच घरचा प्रकार. २०१८मध्ये कर खात्याने सेवाकराच्या काळातल्या अशा ‘फुकट’ सेवांवरून बँकांना नोटिसा काढल्या होत्या. खात्याचा तर्क चुकीचा नव्हता, शिल्लक पडून राहते तीच त्या सेवेची किंमत. पण किती रुपये? तिथेच सगळं अडतं.

किंमत शोधायची भानगड टाळून कर लावायची काही युक्ती आहे का?

आहे, आणि कागदावर तरी ती फार देखणी आहे. सत्य पोद्दार आणि मॉर्ली इंग्लिश या अर्थतज्ज्ञांनी १९९७मध्ये ती मांडली. कल्पना अशी की बँकेत आलेला प्रत्येक रुपया विक्री समजायचा आणि गेलेला प्रत्येक रुपया खरेदी. मुद्दल, व्याज असा भेदच करायचा नाही.

आपलं उदाहरण चालवू. काकूंचे १० लाख आले, बँकेने १,८०,००० कर भरला. तेच वर्कशॉपला दिले, १,८०,००० क्रेडिट मिळालं. वर्षाअखेर वर्कशॉपने ११ लाख परत केले, कर १,९८,०००. काकूंना १०.६ लाख दिले, क्रेडिट १,९०,८००. निव्वळ भरणा ७,२००. म्हणजे ४० हजारांच्या बरोबर १८ टक्के! आणि बुडीत कर्जाच्या वर्गणीचे १० हजार यात आले असले, तरी ज्या कर्जदाराने खरंच पैसे बुडवले त्याच्याकडून रुपया परत येतच नाही, त्यामुळे तिथे करही लागत नाही. एकूण सगळी कर्जं धरली की हा हिशेब आपोआप जुळतो.

गोम पहिल्याच दिवशी आहे. वर्कशॉप नोंदणीकृत असल्याने त्यालाही आरशातलं गणित करावं लागतं. कर्जाचे १० लाख हातात आले की १,८०,००० कर भरा, फेडताना १,९८,००० परत घ्या. मशीन घ्यायला काढलेल्या कर्जातले पावणेदोन लाखांहून जास्त पहिल्याच दिवशी सरकारजमा. भोसरीत ही योजना समजावून सांगायची हिंमत माझ्यात नाही.

यावरही पोद्दार-इंग्लिश यांनी तोड काढली. कर लगेच भरायचा नाही, एका खात्यात लिहून ठेवायचा आणि त्यावर निव्वळ दराने व्याज चढवायचं. १,८०,०००वर ७.५ टक्क्यांनी वर्षाला होतात १,९३,५००. वर्कशॉपच्या बाजूला १,९८,००० उणे १,९३,५०० म्हणजे ४,५००, म्हणजेच त्याच्या वाट्याच्या २५ हजारांवर १८ टक्के. काकूंच्या बाजूला १,९३,५०० उणे १,९०,८०० म्हणजे २,७००. वर हाताने केलेली वाटणी इथे आपसूक बाहेर आली.

पण बघा, दारातून हाकललेला निव्वळ दर खिडकीतून परत आला. शिवाय प्रत्येक ठेवीला आणि कर्जाला असं एक सावली-खातं हवं, आणि मधेच कराचा दर १८चा १६ झाला तर चालू असलेल्या सगळ्या खात्यांची दुरुस्ती करायला हवी. युरोपीय आयोगाने १९९०च्या दशकात या पद्धतीचा अभ्यास करवून घेतला. आजवर कुठल्याही देशाने ती पूर्णपणे अंगीकारलेली नाही.

इतर देश काय करतात?

बहुतेक सूटच देतात. युरोपात १९७७च्या सहाव्या व्हॅट निर्देशापासून तसंच आहे. इस्रायल बँकांच्या पगार आणि नफ्यावर वेगळा कर लावतो. बँकेचं मूल्यवर्धन म्हणजे शेवटी पगार अधिक नफा, तेव्हा बेरीज बरोबर येते, पण बिल नसल्याने धंदेवाल्या गिऱ्हाइकाला क्रेडिट मिळत नाही. न्यूझीलंडने २००५पासून धंदेवाल्या गिऱ्हाइकांना दिलेल्या वित्तीय सेवांवर शून्य दर ठेवायची मुभा बँकांना दिली. म्हणजे व्याजावर कर नाही आणि त्यामागच्या खरेदीवरचं क्रेडिटही बुडत नाही. भोसरीचे ते ४५० रुपये वाचवायचा मला दिसणारा सगळ्यात सरळ रस्ता हाच आहे. त्याची किंमत सरकारला मोजावी लागते, म्हणून तो आपल्याकडे येत नसावा.

मुलगी जर्मनीला शिकायला चालली आहे. परकीय चलन घेताना जीएसटी लागला. फी तर काहीच नव्हती!

इथेही भाव दरात लपलेला असतो: युरो घेतात एका दराला, विकतात दुसऱ्या. फरक इतकाच की सरकारने इथे हात न टेकता ठोकताळा बांधला. एक पद्धत म्हणजे तुम्हाला लावलेला दर आणि रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर यांतला फरक ही सेवेची किंमत मानायची. दुसरी, जी चलन देणारा निवडू शकतो, ती टप्प्यांची: १ लाखापर्यंत १ टक्का, पण किमान २५० रुपये. १ ते १० लाखांपर्यंत १,००० रुपये आणि लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का. त्यापुढे ५,५०० आणि दहा लाखांवरच्या रकमेचा ०.१ टक्का, जास्तीत जास्त ६०,०००. तुम्ही ८ लाखांचं चलन घेतलंत तर किंमत धरली १,००० अधिक ३,५००, म्हणजे ४,५००, आणि त्यावर कर ८१०.

दुकानदाराने तुम्हाला स्वस्त दर दिला काय किंवा लुटलं काय, ८१० बदलत नाहीत.

गाडीच्या विम्यात पूर्ण हप्त्यावर १८ टक्के लावतात. तिथे तर किंमत दिसते ना?

दिसतो तो हप्ता. सेवेची किंमत नव्हे.

शंभर गाड्या, प्रत्येकी २० हजार हप्ता, जमले २० लाख. त्यातले १४ लाख क्लेममध्ये त्याच शंभरांपैकी काहींकडे परत गेले. विमा कंपनीची सेवा म्हणजे हा पैसा गोळा करून योग्य माणसाकडे पोचवणं, आणि तिची किंमत ६ लाख. सरसकट २० लाखांवर कर घेतला तर भिशीच्या रकमेवरच कर घेतल्यासारखं होतं.

यातून सुटायचा मार्ग न्यूझीलंडने दाखवला. तिथे हप्त्यावर पूर्ण कर लावतात, पण कंपनीने दिलेल्या प्रत्येक क्लेममध्येही कर आहे असं मानून त्याचं क्रेडिट कंपनीला देतात. तिथला दर १५ टक्के, म्हणून क्लेमच्या ११५ भागांतले १५, अर्थात तेवीसांतले तीन. मग कर उरतो तो फक्त मधल्या फरकावर. कुणाच्या वाट्याला किती सेवा आली हा प्रश्नच उद्भवत नाही. साध्या विम्यात हे जमतं, कारण वर्षभराचा करार असतो आणि त्यात बचतीचा भाग नसतो.

आपल्याकडे निम्मी वाट चालून झाली आहे. विमा उतरवलेली गाडी गॅरेजमध्ये दुरुस्त झाली, तर त्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट विमा कंपनीला मिळतं. पैसे आधी ग्राहकाने भरून नंतर कंपनीने भरपाई दिली तरी मिळतं, हे जून २०२४च्या परिपत्रकाने स्पष्ट झालं. पण गाडी चोरीला गेली आणि कंपनीने रोख ६ लाख दिले, तर बिलच नाही आणि क्रेडिटही नाही. हिंजवडीत बंपर ठोकला तर हिशेब बरोबर, गाडीच पळवली तर चूक.

आयुर्विम्याचा जीएसटी शून्य झाला, मग माझा हप्ता पूर्ण १८ टक्क्यांनी का उतरायला नको?

आधी पूर्वीची स्थिती. बचतीच्या पॉलिसीत हप्त्याचा मोठा भाग तुमचीच साठवण असते, आणि त्यातली सेवा किती ते कंपनीलाही वर्षभरात सांगता येत नाही. वीस वर्षांचा करार, मधे गुंतवणुकीचं उत्पन्न, शेवटी बोनस. म्हणून ठोकताळा होता: बचतीची रक्कम वेगळी सांगितली नसेल तर पहिल्या वर्षी हप्त्याच्या २५ टक्के आणि पुढे १२.५ टक्के रकमेवर कर. म्हणजे प्रत्यक्षात ४.५ आणि २.२५ टक्के. निव्वळ जोखमीच्या टर्म पॉलिसीवर मात्र पूर्ण १८. त्यामुळे ‘१८ टक्के गेले’ हे टर्म पॉलिसीवाल्यांबाबतच खरं आहे.

तिथेही पूर्ण घट येत नाही, त्याचं कारण भोसरीचंच. सूट मिळाली की क्रेडिट गेलं. कंपनीचा मूळ हप्ता १०० आणि त्यामागे एजंटचं कमिशन, भाडं, सॉफ्टवेअर अशी २० रुपयांची करपात्र खरेदी असेल, तर ३ रुपये ६० पैसे तिला आता वजा करता येत नाहीत. तिने ते हप्त्यात घातले तर ११८चा हप्ता १०३.६० होईल, १०० नाही. कमिशन घटवून किंवा नफा सोडून ती ते स्वतः सोसूही शकते, तो बाजाराचा भाग.

कंपनीच्या नावाने काढलेल्या सामूहिक पॉलिसीवर १८ टक्के आजही आहेत. चाकणच्या कारखानदारांना हे ऐकून धक्का बसतो.

माझ्या कर्जातली बँकेची सेवा किती रुपयांची, हे मला कुठे बघायला मिळेल?

कुठेच नाही. अंदाज मात्र करता येतो. कर्ज काढलं त्या सुमाराचा साधारण तेवढ्याच मुदतीच्या सरकारी रोख्याचा परतावा रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मिळतो. तो आपल्या व्याजदरातून वजा करा, म्हणजे सेवा आणि बुडीताची वर्गणी मिळून किती ते कळेल. या दोघांना एकमेकांपासून वेगळं काढणं मात्र तुम्हाला जमणार नाही, मलाही नाही. भोसरीचे गृहस्थ हे ऐकून म्हणाले, “म्हणजे मी वीस वर्षं एका दुकानातून माल घेतोय आणि भाव विचारलाच नाही!” मग त्यांनी कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाचं पत्र काढलं आणि फीच्या बिलावर जीएसटी क्रमांक शोधू लागले. तो नव्हता.